साठा परत आला हे सांगताना कोणता आकडा लिहावा?

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या वह्यांचे छोटे ऑनलाइन दुकान चालवते. मागच्या खेपेच्या ४० वह्या १२ मिनिटांत संपल्या आणि प्रतीक्षा यादीतले लोक चिडले, कारण आपली वही बाजूला ठेवलेली आहे असे त्यांना वाटले होते. आता ६४ वह्या आल्या आहेत. यादीत लहान वहीसाठी ६२ आणि मोठीसाठी ८८ नावे आहेत. इन्स्टाग्रामवर टाकायची कॅप्शन कशी लिहू? ‘मर्यादित साठा’ लिहिले तर ते खोटे वाटते आणि आकडा लिहिला तर तो फारच कमी वाटतो.

उत्तर: तुमची अडचण शब्दांची आहे असे मला वाटत नाही. जे चिडले, त्यांना वह्या कमी होत्या याचा राग आलेला नव्हता. यादीत नाव असण्याचा अर्थ त्यांनी एक धरला होता आणि तुम्ही दुसरा, एवढेच घडले होते, आणि तो गुंता सुटला नाही तर कॅप्शन कितीही नेटकी लिहिली तरी या वेळीही तेच होईल. लहान दुकानांचा साठा आणि विक्रीचा मजकूर सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्या अनुभवातून कॅप्शन सगळ्यात शेवटी लिहायची सवय मला लागली आहे. आधी विकता येईल असा आकडा ठरतो, मग यादीतल्या लोकांना नेमके काय द्यायचे ते ठरते, आणि त्यानंतर जे उरते तेच कॅप्शनमध्ये येते.

तुमच्या ६४ वह्यांपासूनच सुरुवात करू. खोकी उघडून प्रत्येक वही हातात घेतल्याशिवाय ६४ हा आकडा कुठेही लिहू नका. समजा त्यांतल्या तिघींमध्ये दोष निघाला, कुठे शिवण सैल तर कुठे मुखपृष्ठाचा कोपरा दबलेला, तर ६१ उरल्या. मागच्या खेपेतल्या दोन ग्राहकांना वही बदलून देण्याचे कबूल केले असेल, तर ५९ उरल्या. आता पाठवताना वाटेत एखादी वही भिजली किंवा हरवली, तर बदली म्हणून देण्यासाठी मी आणखी तीन बाजूला ठेवीन. इतक्या छोट्या खेपेत बदलीची वही शिल्लक नसेल, तर नुकसान झालेल्या ग्राहकाला पैसे परत करण्यापलीकडे काहीच करता येत नाही, आणि महिनोन्महिने वाट पाहिलेल्या माणसाचे तेवढ्याने समाधान होत नाही. म्हणजे विक्रीला ५६ वह्या राहिल्या. त्यांत लहान ३६ आणि मोठ्या २० आहेत असे धरून पुढे जातो. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. बदलीसाठी ठेवलेल्या तीन वह्या शेवटी लागल्याच नाहीत, तर त्या यादीतल्या पुढच्या तीन नावांना गुपचूप देऊन टाकाव्यात. ‘कपाटात तीन वह्या सापडल्या’ अशी पोस्ट करण्याचा मोह बऱ्याच दुकानदारांना होतो. त्या सापडलेल्या नसतात, ठेवलेल्या असतात, आणि नेहमीच्या ग्राहकांच्या ते लक्षात येते.

‘५६ वह्या आल्या आहेत’ हे वाक्य खरे असूनही फसवे ठरू शकते. मोठ्या वहीसाठी ८८ जण थांबले आहेत आणि मोठ्या वह्या फक्त २० आहेत. ज्याला मोठीच हवी आहे तो ५६ वाचून घाई करील आणि दुकानात शिरताच निराश होईल. म्हणून एकूण आकडा लिहायचाच असेल, तर लगेच त्याची फोड द्यावी. प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा, हा नियम मी मोडत नाही.

आता यादीकडे वळू. यादीतल्या माणसाला दोन प्रकारची वचने देता येतात. पहिले असे की ‘एक वही तुमच्यासाठी अमुक वेळेपर्यंत राखून ठेवली आहे’. दुसरे असे की ‘तुम्हाला इतरांच्या आधी कळवत आहोत, पण जो आधी घेईल त्याला मिळेल’. दोन्ही प्रामाणिक आहेत. वाईट ते, जे दोहोंच्या मध्ये लोंबकळते, आणि बहुतेक दुकानांच्या नोंदणीपानावर ‘यादीत सामील व्हा, तुमची वही चुकवू नका’ अशा धर्तीचे वाक्य असते ते नेमके तसेच असते. वाचणारा त्यातून राखण्याचे वचन काढतो आणि दुकानदाराच्या मनात केवळ कळवण्याचे असते. तुमच्या नोंदणीपानावर काय लिहिले आहे ते मी पाहिलेले नाही, पण तक्रारींचा सूर ऐकता तिथेही असेच काहीतरी असावे.

कोणते वचन द्यायचे हे नावे आणि नग यांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. लहान वहीसाठी ३६ नग आणि ६२ नावे आहेत. यादीतले सगळेच घेत नाहीत. काहींना आता गरज उरलेली नसते, काहींनी दुसरी वही घेतलेली असते, काही संदेश उघडतच नाहीत. त्यामुळे इथे ‘आधी कळवतो’ हे वचन पुरते. मोठ्या वहीचे गणित मात्र बिकट आहे, कारण तिथे एका नगामागे चारांहून अधिक माणसे उभी आहेत. सगळ्या ८८ जणांना एकाच क्षणी लिंक पाठवली, तर मागच्या वेळची ती १२ मिनिटे पुन्हा येतील, आणि ज्याने सगळ्यांत आधी नाव नोंदवले तो त्या वेळी बसमध्ये होता म्हणून रिकाम्या हाताने परत जाईल. यादीला क्रम असेल तर तो क्रम पाळावा. म्हणून मोठ्या वहीसाठी मी पहिल्या २० नावांना प्रत्येकी एक वही २४ तास राखून देईन, आणि ज्या सुटतील त्या पुढच्या नावांना तितकाच वेळ देईन.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते तुमच्या दुकानाच्या प्रणालीवर ठरेल. काही ठिकाणी एकदाच वापरता येणारा कोड प्रत्येकाला देता येतो. तशी सोय नसेल, तर मोठ्या वहीचा खुल्या दुकानातला साठा शून्य ठेवून वीस जणांना हातानेच पैसे भरण्याची लिंक पाठवा. वीस संदेश म्हणजे एका संध्याकाळचे काम आहे. सगळ्यांना चालेल असे एकच गुप्त पान करून त्याची लिंक वाटू नका, कारण ती पुढे पाठवली जाते आणि राखलेली वही भलत्याच माणसाकडे जाते. संदेश मी असे लिहीन.

मोठ्या वहीच्या पहिल्या वीस जणांना: ‘तुम्ही नोंदवलेली मोठी वही आली आहे. एक वही तुमच्या नावाने शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजेपर्यंत राखून ठेवली आहे. तोपर्यंत घेतली नाही तर ती यादीतल्या पुढच्या नावाला दिली जाईल. नको असेल तर तसे कळवले तरी चालेल, म्हणजे पुढच्यांना लवकर मिळेल.’

लहान वहीच्या ६२ जणांना: ‘लहान वही परत आली आहे. विक्रीला ३६ आहेत आणि हा संदेश यादीतल्या ६२ जणांना एकाच वेळी जात आहे, त्यामुळे वही राखलेली नाही. शनिवारी सकाळी ९ वाजेपर्यंत विक्री फक्त यादीतल्यांसाठी आहे. त्यानंतर उरलेल्या वह्या सर्वांसाठी खुल्या होतील.’

दुसऱ्या संदेशातला ६२ हा आकडा द्यायला दुकानदार कचरतात. तो नक्की द्यावा. ‘राखलेली नाही’ हे नुसते नियमासारखे वाचले जाते आणि विसरले जाते. ३६ आणि ६२ शेजारी शेजारी दिसले की वाचणाऱ्याला आपल्या शक्यतेचा अंदाज आपोआप येतो, आणि वही मिळाली नाही तरी फसवले गेल्याची भावना येत नाही.

समजा हे संदेश गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता गेले. शनिवारी सकाळपर्यंत लहान वह्यांपैकी १९ विकल्या गेल्या आणि १७ उरल्या. मोठ्या वह्यांत पहिल्या २० जणांपैकी १२ जणांनी घेतल्या, आणि सुटलेल्या ८ पुढच्या आठ नावांसाठी राखून ठेवल्या आहेत. आता कुठे कॅप्शन लिहिण्याजोगी माहिती हातात आली. मी ती अशी लिहीन:

‘लहान वह्या परत आल्या आहेत. शनिवारी सकाळी ९ वाजता दुकानात १७ आहेत. मोठ्या वह्या या वेळी खुल्या विक्रीला नाहीत.

या खेपेत विक्रीला ३६ लहान आणि २० मोठ्या वह्या होत्या. प्रतीक्षा यादीतल्या लोकांना गुरुवारी आधी कळवले होते. त्यांनी १९ लहान वह्या घेतल्या. मोठ्या वह्यांसाठी ८८ नावे होती, त्यामुळे त्या सगळ्या यादीच्या क्रमाने दिल्या जात आहेत.

एका व्यक्तीला एकच वही घेता येईल. कार्टमध्ये टाकलेली वही राखली जात नाही. पैसे भरल्यावरच ती तुमची होते.

पुढची खेप करायचे ठरले आहे, तारीख अजून ठरलेली नाही. साठा आल्यावर कळावे असे वाटत असेल, तर प्रोफाइलमधल्या लिंकवर नाव नोंदवा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. नोंदवले म्हणजे वही राखली गेली असे नाही. साठा आला की खुल्या विक्रीच्या आधी तुम्हाला संदेश येईल.’

पहिल्या ओळींविषयी थोडे सांगतो, कारण सगळा भार तिथे आहे. इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शन दुमडलेली दिसते आणि पुढचे वाचायला टिचकी मारावी लागते. अनेक जण ती मारत नाहीत. म्हणून काय आले, किती आहे आणि काय नाही, या तीन गोष्टी दुमडीच्या वर यायला हव्यात. ‘मोठ्या वह्या खुल्या विक्रीला नाहीत’ हे वाक्य तुम्हाला शेवटी ढकलावेसे वाटेल, कारण ते विक्री कमी करणारे वाटते. पण ते खाली गेले की मोठ्या वहीसाठी धावत आलेले लोक दुकानात शोधाशोध करतील आणि मग तोच प्रश्न तुम्हाला पन्नास वेळा विचारतील.

आकड्याबरोबर वेळ लिहिण्याची सवय मला एका फजितीने लागली. एका दुकानासाठी मी रात्री कॅप्शन लिहिली, ‘फक्त २५ उरल्या आहेत’ असे त्यात घातले आणि सकाळी ८ ची वेळ लावून झोपलो. रात्रीतून यादीतल्या लोकांनी बहुतेक वस्तू घेतल्या, आणि पोस्ट प्रसिद्ध झाली तेव्हा ४ उरल्या होत्या. लिहिताना खरे असलेले वाक्य वाचताना खोटे ठरले, आणि वाचणाऱ्यांना त्यातला फरक कळण्याचे काही कारणही नव्हते. तेव्हापासून आकडा असलेली पोस्ट मी आधी वेळ लावून ठेवत नाही. मजकूर तयार ठेवतो, जागा रिकामी सोडतो, आणि प्रसिद्ध करण्याच्या क्षणी दुकानाच्या साठ्याचे पान पाहून आकडा भरतो. हाच आकडा चित्रावर मात्र कधीही लिहू नये. इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर बदलता येते, पण प्रसिद्ध झालेले चित्र बदलता येत नाही, आणि ‘१७ शिल्लक’ असे कोरलेले चित्र वह्या संपल्यावरही महिनाभर फिरत राहते.

आकडा कमी वाटतो ही तुमची शंका मला समजते. पण ‘मर्यादित साठा’ हे शब्द जगातल्या प्रत्येक वस्तूला लागू पडतात, त्यामुळे ते वाचून कोणाला काहीच कळत नाही, आणि ते पडताळण्याची सोयही नसते. १७ हा आकडा पडताळता येतो. दुकानाच्या पानावर साठ्याचा आकडा दाखवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे पोस्टमध्ये १७ वाचून आलेल्याला तिथे १४ दिसतील आणि मधल्या तीन विकल्या गेल्याचे त्याला आपोआप समजेल. आकडा न देता केवळ ‘थोड्याच आहेत’ लिहिणे मला एकाच वेळी पटते: वह्या एकापेक्षा अधिक ठिकाणी विकल्या जात असतील आणि सगळीकडचा साठा एकत्र दिसत नसेल तेव्हा, कारण त्या वेळी तुम्हालाच नक्की आकडा माहीत नसतो. तिथे ‘नक्की आकडा सांगता येत नाही, कारण विक्री दोन ठिकाणी चालू आहे’ असेच लिहावे.

पुढच्या खेपेविषयीचे वाक्यही तितक्याच काळजीने लिहावे. मी वर ‘करायचे ठरले आहे’ असे धरले आहे. कागद मिळेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर ‘पुढची खेप होईल की नाही हे अजून ठरलेले नाही, ठरले तर यादीला कळवू’ असे लिहा. ‘पुन्हा कधीच येणार नाही’ हे तेव्हाच लिहावे, जेव्हा तुम्ही खरोखर ती वही बंद केली आहे आणि मागणी कितीही वाढली तरी ती काढणार नाही. ‘शेवटची संधी’ आणि उलटी मोजणी करणारी घड्याळे मी वापरत नाही. खोटी घाई निर्माण करणे अनेक देशांच्या ग्राहक कायद्यांत दोष मानले जाते, आणि खरी घाई १७ या आकड्यात आहेच.

वह्या संपल्या की पोस्ट काढून टाकू नका. तिच्या सुरुवातीला ‘शनिवारी दुपारी अमुक वाजता लहान वह्या संपल्या. पुढच्या खेपेसाठी प्रोफाइलमधल्या लिंकवर नाव नोंदवता येईल’ अशी ओळ घालून खालचा मजकूर तसाच ठेवा. उशिरा आलेल्यांपैकी कित्येक जण याच पोस्टवरून यादीत येतात. एका बारकाव्याकडे मात्र लक्ष असू द्या. दुकान वूकॉमर्सवर असेल, तर तिथे `Hold stock (minutes)` नावाची एक सेटिंग असते. मागणी नोंदवून पैसे न भरलेल्यांसाठी वस्तू तितकी मिनिटे अडवून ठेवली जाते, आणि मूळ सेटिंग ६० मिनिटांची असते. त्यामुळे ‘संपल्या’ असे जाहीर केल्यावर तासाभराने दोन-तीन वह्या पुन्हा विक्रीला आलेल्या दिसतात आणि लोक म्हणतात, ‘साठा लपवला होता.’ म्हणून ती मुदत उलटून जाईपर्यंत थांबा, मगच ‘संपल्या’ असे लिहा. शॉपिफायवर असाल तर त्या वस्तूची `Continue selling when out of stock` ही खूण काढलेली आहे ना, ते विक्रीच्या आधी पाहा. ती राहिली तर नसलेल्या वह्याही विकल्या जातील.

नोंदणीच्या अर्जात ईमेल किंवा फोन यांपैकी एक आणि कोणती वही हवी, एवढेच विचारावे. कोणत्या वहीसाठी नाव आहे हे माहीत नसते, तर वरचा सगळा हिशेब करताच आला नसता. तुम्ही ते आधीच विचारले आहे हे फार बरे झाले. अर्जाच्या बटणाच्या अगदी वर, खाली बारीक अक्षरांत नव्हे, ‘ही आगाऊ मागणी नाही’ हे वाक्य असावे, आणि नोंदणीनंतर येणाऱ्या संदेशात ते पुन्हा यावे. या यादीतल्या पत्त्यांवर इतर वस्तूंच्या जाहिराती पाठवू नका. त्यांनी एका वहीविषयी कळवण्याची परवानगी दिलेली आहे, त्याहून जास्त नाही.

ज्यांच्यापर्यंत पाळी पोहोचलीच नाही, त्यांना गप्प बसून सोडू नये. मोठ्या वहीच्या यादीत अठ्ठाविसाव्या नावापर्यंत विचारणा झाली आणि तिथे वह्या संपल्या, तर उरलेल्या ६० जणांना लिहावे: ‘या खेपेत २० मोठ्या वह्या होत्या आणि त्या यादीतल्या पहिल्या २८ नावांतच संपल्या. तुमचे नाव त्याच क्रमाने पुढच्या खेपेसाठी राहील. नको असेल तर या लिंकवरून काढता येईल.’ या संदेशानंतर काही नावे गळतील, आणि पुढच्या वेळी तुमच्या हातात खरी यादी असेल.

सगळे नीट जमले की नाही हे ओळखायला मी विक्रीचा वेग पाहत नाही, कारण अशा खेपा संपतातच. मी आलेले प्रश्न वाचतो. ‘पुढची खेप कधी?’ असे विचारणारे असले तर मजकूर पोहोचला. ‘माझी वही ठेवली होती ना?’ असे विचारणारा एकही आला, तर कॅप्शनला हात लावण्याआधी नोंदणीपानावरचे वाक्य पुन्हा वाचून पाहा.